वर्कशॉपचा पॉवर फॅक्टर: बिलावरून कसा काढायचा, कपॅसिटर किती आणि कुठे लावायचे

भोसरीतल्या एका छोट्या मशीन शॉपचे मालक माझ्याकडे बिल घेऊन आले तेव्हा त्यांची तक्रार एकच होती. "साहेब, काम तेवढंच आहे, माणसं तेवढीच आहेत, मग बिल एवढं कसं?" त्यांच्या मते मीटर पळत होता. मीटर ठीक होता. त्यांच्या शॉपमध्ये दिवसभर मोटरी चालू असत, पण त्यांच्यावर काम मात्र फारसं नसे. आठ तासांत प्रेस खरोखर दणका मारते ते सगळं मिळून तासभर, उरलेला वेळ फ्लायव्हील नुसतं फिरत राहतं. लेथवर जॉब बदलताना मोटर चालूच. पैसा जात होता तो इथे.

या लेखात तेच शॉप उदाहरण म्हणून घेतो. एकूण जोडभार 40 एचपी, म्हणजे जवळपास 30 किलोवॅट. त्यात 10 एचपीचा कॉम्प्रेसर, 7.5 एचपीची पॉवर प्रेस, 3 एचपीचे तीन लेथ, 5 एचपीचं मिलिंग, 3 एचपीचा सरफेस ग्राइंडर, 3 एचपीचा शेपर आणि किरकोळ ड्रिल, हॅकसॉ मिळून अडीच एचपी. एक पाळी, महिन्याला 25 दिवस, म्हणजे साधारण 200 तास.

आधी मोटर काय मागते ते समजून घ्या

इंडक्शन मोटर लाइनकडून दोन गोष्टी घेते. एक, शाफ्टवर काम करायला लागणारी शक्ती, ती किलोवॅटमध्ये मोजतात. दुसरी, स्टेटरमध्ये चुंबकीय क्षेत्र उभं ठेवायला लागणारी, ती केव्हीएआरमध्ये मोजतात. ही दुसरी शक्ती काम करत नाही, लाइन आणि मोटर यांच्यात नुसती ये-जा करते. पण तिच्यासाठीही केबलमधून करंट वाहतोच. दोन्ही मिळून जे होतं ते केव्हीए. किलोवॅट भागिले केव्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर.

या शॉपमधल्या पॉवर प्रेसची मापं पाहिली की उरलेलं आपोआप कळेल. प्रेस रिकामी फिरताना क्लॅम्पच्या पॉवर मीटरवर 1.0 किलोवॅट आणि 3.4 केव्हीएआर दिसले. करंट जवळपास 4.9 अँपिअर, पॉवर फॅक्टर 0.28. हीच मोटर पूर्ण भारावर 6.4 किलोवॅट आणि 4.3 केव्हीएआर घेते, करंट 10.7 अँपिअर, पॉवर फॅक्टर 0.83. म्हणजे किलोवॅट सहा पटींहून जास्त वाढले, पण केव्हीएआर 3.4 वरून जेमतेम 4.3 वर गेले. चुंबकीय क्षेत्राला काम असो नसो, तेवढंच लागतं. म्हणून रिकामी मोटर पॉवर फॅक्टर खाली ओढते.

मोटरीला लागणारे हे केव्हीएआर लाइनऐवजी जागच्या जागी पुरवायचं काम कपॅसिटर करतो. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. कपॅसिटर किती लावायचा याचा विचार पॉवर फॅक्टरच्या आकड्यावरून करू नका, केव्हीएआरवरून करा. पॉवर फॅक्टर दिवसभर वर-खाली होत राहतो, चालू मोटरीचे केव्हीएआर मात्र बऱ्यापैकी एका जागी असतात.

पहिली पायरी: बिल वाचा

महावितरणच्या लघुदाब औद्योगिक दरात 20 किलोवॅटपर्यंतचा गट आणि त्यावरचा गट वेगळे आहेत. 20 किलोवॅटच्या वर असाल तर स्थिर आकाराऐवजी केव्हीएवर डिमांड चार्ज लागतो, त्यामुळे कमी पॉवर फॅक्टरची झळ तुम्हाला तिथेच बसायला लागते. पुढे ऊर्जा आकाराची ओळ बघा. युनिट `kWh` लिहिलंय की `kVAh`, हे आधी पाहायचं. दर आदेशाप्रमाणे पद्धत बदलते, म्हणून शेजारच्या शॉपवाल्याचं बिल बघून स्वतःचा हिशेब करू नका.

युनिट `kVAh` असेल तर पॉवर फॅक्टरचा दंड म्हणून वेगळी ओळ शोधत बसू नका. दंड युनिटांतच मुरलेला असतो. बरेच मालक इथेच फसतात. "आमच्या बिलात पीएफ पेनल्टी नाही" असं समाधानाने सांगतात आणि दर महिन्याला शेकडो जास्तीची युनिटं भरत राहतात. युनिट `kWh` असेल तर दंड किंवा सवलत टक्क्यांत वेगळ्या ओळीत येते.

आता `RKVAH (LAG)` आणि `RKVAH (LEAD)` हे दोन आकडे शोधा. पहिला मोटरींनी घेतलेला, दुसरा जास्तीच्या कपॅसिटरने लाइनकडे ढकललेला. हिशेबात दोघांची बेरीज घेतात, वजाबाकी नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच एक चूक उभी आहे.

```
RkVAh = LAG + LEAD
kVAh  = sqrt(kWh^2 + RkVAh^2)
PF    = kWh / kVAh
```

आपल्या शॉपच्या बिलात 2,400 `kWh`, लॅग 2,300 आणि लीड जवळजवळ शून्य होती. मांडणी केली की `kVAh` येतात 3,324, पॉवर फॅक्टर 0.72. कामाची वीज 2,400 युनिटं, बिल मात्र 3,324 युनिटांचं. युनिटाला सगळं मिळून 9 रुपये धरू. हा दर फक्त हिशेबासाठी आहे, तुमचा तुमच्या बिलावरून घ्या. फरक 924 युनिटांचा, म्हणजे महिन्याला 8,316 रुपये. यातला शेवटचा रुपयाही वाचवायचा असं नाही, पण बहुतेक वाचतो.

डिमांडचा फटका वेगळा. शॉपमध्ये सगळी मशीनं एकदम भरात असताना भार 20 किलोवॅटवर जाई आणि त्या वेळी 17 केव्हीएआर लागत. म्हणजे 26 केव्हीएच्या थोडं वर. करार मागणी 25 केव्हीएची असेल तर नवीन मशीन न आणताही तुम्ही मर्यादेबाहेर जाता.

दुसरी पायरी: सरासरी केव्हीएआर काढा

2,300 भागिले 200 तास म्हणजे 11.5 केव्हीएआर. चालू तासांत शॉप सरासरी एवढी मागणी करतं. हा आकडा तुम्हाला कुठल्याही उपकरणाशिवाय, कागदावर मिळाला. पण त्यात सरासरीचे सगळे दोष आहेत. सकाळी दहाला कॉम्प्रेसर, प्रेस, तिन्ही लेथ चालू असतील तेव्हा 15 लागत असतील आणि जेवणाच्या सुट्टीत एकटा कॉम्प्रेसर चालू असेल तेव्हा 4.

म्हणून दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी मुख्य पॅनेलवर क्लॅम्प पॉवर मीटर लावून केव्हीएआर लिहून ठेवा. मीटर नसेल तर भाड्याने किंवा एखाद्या लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून मिळतो. नुसता अँपिअर दाखवणारा क्लॅम्प इथे पुरत नाही, कारण अँपिअरमधून किलोवॅट आणि केव्हीएआर वेगळे करता येत नाहीत. पॅनेल उघडून चालू लाइनवर माप घ्यायचं काम मालकाने स्वतः करू नये.

या शॉपचे आकडे असे आले. कामाच्या भरात 15 ते 17, दुपारच्या सुट्टीत 4 ते 5, सगळं बंद असताना जवळजवळ शून्य. वरच्या 17 साठी एक मोठा कपॅसिटर कायम जोडून ठेवला तर? दुपारी 4 ची गरज असताना 17 मिळतील आणि 13 उलट्या दिशेने लाइनकडे जातील. रात्री तर गरज शून्य. मुख्य पॅनेलवर 17 केव्हीएआर नुसते जोडून ठेवले तर बारा तासांच्या रात्रीत 204 युनिटं लीड म्हणून नोंदली जातात. महिन्याच्या 25 रात्रींत 5,100 होतात, रविवार वेगळे. सुधारायला गेलो ते 2,300 आणि उभं केलं 5,100. असं प्रत्यक्ष करून ठेवलेलं शॉप मी पाहिलंय. मालकाला कोणीतरी सांगितलं होतं, "जास्त लावा, पीएफ चांगला येईल."

तिसरी पायरी: मोटरीवर की पॅनेलवर?

माझं मत सरळ आहे. छोट्या शॉपमध्ये मोठ्या आणि जास्त वेळ चालणाऱ्या मोटरींना त्यांचाच कपॅसिटर द्या, स्टार्टरच्या पुढे, मोटरीच्या बाजूला. मोटर बंद झाली की कपॅसिटरही बंद. विसरायला माणूस शिल्लक राहत नाही आणि रात्री लीडचा प्रश्नच उरत नाही. शिवाय स्टार्टरपर्यंतच्या केबलवरचा करंटही कमी होतो. उरलेल्या किरकोळ मोटरींसाठी मुख्य पॅनेलवर छोटा एपीएफसी, म्हणजे गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारा-सोडणारा पॅनेल ठेवला तर उत्तम, नाहीतर तो उरलेला भाग सोडून दिला तरी चालतो.

मोटरीवर लावताना एक मर्यादा पाळायची असते आणि दुकानदार ती सांगत नाही. कपॅसिटरचे केव्हीएआर मोटरीच्या रिकाम्या फिरण्याच्या केव्हीएआरच्या 90 टक्क्यांच्या आत ठेवा. त्याहून जास्त झाले तर स्टार्टर सोडल्यावर फ्लायव्हीलच्या जोरावर फिरणारी मोटर कपॅसिटरच्या आधाराने काही क्षण जनरेटरसारखी वागते आणि टर्मिनलवर व्होल्टेज चढतं. प्रेससारख्या फ्लायव्हीलच्या मशीनवर हा धोका सगळ्यात जास्त, कारण ती लगेच थांबतच नाही.

आपली प्रेस रिकामी फिरताना 3.4 केव्हीएआर घेते. त्याचे 90 टक्के 3.06. म्हणून 3 केव्हीएआरचा कपॅसिटर. आता छापलेल्या आकड्याची गंमत बघा. बाजारातले बरेच युनिट 440 व्होल्टचे असतात आणि आपल्या लाइनवर 415 असतं. कपॅसिटरची क्षमता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून 440 व्होल्टचा 3 केव्हीएआर प्रत्यक्षात सुमारे 2.67 देतो, साधारण 11 टक्के कमी. व्होल्टेज जास्त सोसणारा कपॅसिटर घेणं शहाणपणाचंच आहे, रात्री लाइन चढते तेव्हा तो टिकतो. फक्त हिशेब खऱ्या आकड्याने करा.

शॉपमध्ये शेवटी असं लावलं. कॉम्प्रेसरला 3, प्रेसला 3, मिलिंगला 2, लेथ प्रत्येकी 1, ग्राइंडर आणि शेपरला प्रत्येकी 1. छापील बेरीज 13, लाइनवरची खरी क्षमता 11.6. पण सगळी मशीनं सतत चालू नसतात. शिवाय ज्या मोटरीचा कपॅसिटर तिच्याच गरजेपेक्षा कमी आहे ती कधीच लीडकडे जात नाही, म्हणून लीडची चिंता मिटली.

पुण्याच्या टापकीर गल्लीत किंवा कुठेही खरेदी करताना दोन गोष्टी बघा. कपॅसिटरवर आयएस 13340 चा उल्लेख आहे का, आणि बंद केल्यावर उरलेला चार्ज उतरवणारा डिस्चार्ज रेझिस्टर आत किंवा बाहेर बसवलेला आहे का. लघुदाबाच्या सेल्फ-हीलिंग कपॅसिटरसाठी हेच मानक. बिलाविना मिळणारा स्वस्त माल वर्षभरात क्षमता हरवतो आणि तुम्हाला कळतही नाही, कारण मोटर चालतच राहते.

चौथी पायरी: बसवताना

थेट सुरू होणाऱ्या मोटरीवर कपॅसिटर काँटॅक्टर आणि ओव्हरलोड रिले यांच्या मधून, म्हणजे काँटॅक्टरच्या आउटगोइंगवरून घेतला तर रिलेमधून फक्त मोटरीचा करंट जातो आणि सेटिंग आहे तेच राहतं. रिलेच्या पुढे मोटरीच्या टर्मिनलवर लावला, तर रिलेला दिसणारा करंट कमी होतो. मग सेटिंग कमी करायला हवी, नाहीतर मोटर तापूनही रिले ट्रिप होत नाही. हे विसरल्यामुळे वाइंडिंग गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, आणि दोष नेहमी कपॅसिटरला दिला जातो.

स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर मोटरीच्या सहाही तारांच्या बाजूला कपॅसिटर जोडू नका. स्टारवरून डेल्टावर जाण्याच्या क्षणी मोटर लाइनपासून तुटलेली असते आणि कपॅसिटर तिला उलट्या फेजचं व्होल्टेज देऊ शकतो. तिथे मेन काँटॅक्टरच्या आधी, स्वतंत्र काँटॅक्टरवर कपॅसिटर घ्या आणि डेल्टा लागल्यावरच तो आत येईल अशी वायरिंग करा. आपल्या कॉम्प्रेसरचं तसंच केलं.

आणि ज्या मोटरीला व्हीएफडी, म्हणजे वेग बदलणारा ड्राइव्ह आहे, तिथे ड्राइव्हच्या आउटपुटवर कपॅसिटर कधीही नको. ड्राइव्हचा आउटपुट चौकोनी पल्सांचा असतो, कपॅसिटर तो करंट शॉर्टसारखा ओढतो आणि ड्राइव्ह जातो. शॉपमध्ये बरेच व्हीएफडी असतील तर पॅनेलवर साधा कपॅसिटरही जपून, कारण हार्मोनिक्समुळे तो तापतो. अशा वेळी डिट्यून्ड रिअॅक्टरची चर्चा करणारा माणूस बोलवा.

काम झाल्यावर मशीन बंद केलं तरी कपॅसिटरवर चार्ज राहतो. रेझिस्टर असला तरी पाच मिनिटं थांबा, टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मगच हात लावा. रेझिस्टर तुटलेला असू शकतो आणि तो तुटलाय हे बाहेरून कळत नाही.

पाचवी पायरी: लागला का, टिकला का

बसवल्या दिवशीच पडताळा घ्या. प्रेस रिकामी चालवा आणि कपॅसिटर जोडायच्या आधी व जोडल्यानंतर लाइनचा करंट पहा. आपल्या प्रेसचा 4.9 अँपिअरचा करंट 1.7 च्या आसपास यायला हवा, कारण 3.4 मधले 2.67 केव्हीएआर गेले की 0.73 उरतात आणि किलोवॅट तेच 1.0. मोटर तीच, काम तेच. करंट एवढा उतरला नाही तर एक फेज तुटलेला आहे, कपॅसिटर कमी क्षमतेचा आहे किंवा फ्यूज उडालाय.

पुढच्या बिलाची वाट न बघता मीटरचं लॅग रीडिंग पंधरा दिवसांनी पाहा. शॉपमध्ये महिन्याअखेर लॅग 2,300 वरून 600 वर आली, किलोवॅटतास तेवढेच 2,400. `kVAh` झाले 2,474, पॉवर फॅक्टर 0.97. म्हणजे 850 युनिटं वाचली, 9 रुपयांच्या दराने 7,650 रुपये. जास्तीत जास्त मागणीही 26 वरून 21 केव्हीएच्या आसपास उतरली. त्यांनी विचारलं, "आता 1.0 का नाही करत?" पाहा, 0.97 वरून 1.0 ला गेलो तर आणखी 74 युनिटं, 666 रुपये. पण त्यासाठी पॅनेलवर स्वयंचलित सोय हवी आणि किरकोळ मोटरींचा पाठलाग करायचा. त्यांना तो नको वाटला, आणि मलाही. मात्र `kWh` वर बिल असून सवलतीचे टप्पे असतील तर हिशेब वेगळा पडेल, तेव्हा टप्प्याची वरची पायरी किती दूर आहे ते पाहून ठरवा.

कपॅसिटर मरतो, पण बोंबलत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचा करंट क्लॅम्पने मोजा. 440 व्होल्टच्या 3 केव्हीएआरला 415 व्होल्टवर प्रत्येक फेजमध्ये साधारण 3.7 अँपिअर दिसायला हवा. मोजताना लाइनचं व्होल्टेजही बघा, ते कमी असेल तर करंटही थोडा कमी येईल. दोन फेजमध्ये 2 च्या आसपास आणि तिसऱ्यात पूर्ण, असं दिसलं तर एक भाग निकामी झालाय. तिन्हीत 3 च्या खाली असेल तर बदलण्याची वेळ. डबा फुगलेला, तेल सुटलेलं किंवा टर्मिनल काळं पडलेलं दिसलं तर मोजायच्या भानगडीतही पडू नका, लगेच काढा. प्रत्येक कपॅसिटरवर बसवल्याची तारीख आणि पहिल्या दिवशीचा करंट मार्करने लिहून ठेवला की पुढच्या वेळी तुलना करायला वेगळी वही लागत नाही.

आणि जाता जाता एक जुनी गोष्ट, जिचा कपॅसिटरशी थेट संबंध नाही. त्या शॉपमधला शेपर 3 एचपीचा होता आणि त्याच्यावर 1 एचपीचंही काम नसे. पूर्वी जळलेल्या मोटरीच्या जागी हाताला लागली ती मोटर बसवलेली. पुढच्या खेपेला जळेल तेव्हा आकार बघून मोटर घ्या, कपॅसिटर तिथे आपोआप छोटा लागेल. या शॉपमध्ये तो शेपर अजून तसाच चालू आहे. मालक म्हणतात, "जळू द्या मग बघू."